बदली झाली, घर सोडलं, पण डिपॉझिट कुठे गेलं? भाडेकरारातली तीन कलमं नीट वाचा

मुदखेडमध्ये घर किरायाने घेणारे बरेच लोक बाहेरून आलेले असतात. रेल्वे जंक्शनवरचे कर्मचारी, सीआरपीएफच्या प्रशिक्षण महाविद्यालयात नेमणूक झालेल्यांची कुटुंबं, बँकेतले कारकून, शाळेतले शिक्षक, तहसीलमधले कर्मचारी. नांदेड जवळ असल्याने काही जण रोज रेल्वेने ये-जा करतात, पण ज्यांची ड्युटी रात्री-बेरात्री असते त्यांना गावातच खोल्या बघाव्या लागतात. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे : बदलीचा आदेश कधी येईल, ते त्यांच्या हातात नसतं.

आणि नेमकं हेच त्यांच्या भाडेकरारात कुठेही लिहिलेलं नसतं.

छोट्या गावात घर बहुतेक वेळा ओळखीतून मिळतं. करार 'करून टाकायचा' असतो, वाचायचा नसतो. टायपिंगच्या दुकानात एक तयार नमुना असतो. त्यात मालकाचं नाव, भाडेकरूचं नाव, रक्कम आणि तारीख बदलली की प्रिंट निघते. हा नमुना कधीकाळी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी तयार झालेला असतो. त्यामुळे अंगणात हातपंप असलेल्या बैठ्या घराच्या करारातही 'सोसायटीचे मेंटेनन्स' आणि 'नेमून दिलेली पार्किंग' सापडते. यावर हसून सोडून देता येतं. पण त्याच नमुन्यात लॉक-इन, डिपॉझिट आणि दुरुस्ती ही तीन कलमंही तशीच उचललेली असतात, आणि पैसे तिथेच जातात.

मोबाईलवर फिरणारा 'नवा नियम'

'आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा' असे मेसेज अधूनमधून फिरतात. त्यामागे एक खरी गोष्ट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट घ्यावं, असं म्हटलं आहे. पण हा नमुना कायदा आहे. तो राज्यांनी स्वतःचा कायदा करून स्वीकारायचा असतो. महाराष्ट्रात भाड्याच्या घरांसाठी आधार आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चा. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्यात डिपॉझिटला अशी दोन महिन्यांची मर्यादा नाही. म्हणजे मुदखेडमधल्या मालकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, तर तो मेसेज दाखवून उपयोग नाही. तिथे घासाघीसच करावी लागते.

दुसरा समज याहून जुना आहे : 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही.' १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून अकरा महिन्यांची पळवाट निघाली आणि ती देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ती बंद केली. घर भाड्याने दिलं असो किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'ने, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते चूक असल्याचं सिद्ध करणं मालकाकडे येतं.

नोंदणी महाग पडते म्हणून टाळली जाते, असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहू. महिना ६,००० रुपये भाडं, १८,००० रुपये डिपॉझिट आणि अकरा महिने मुदत धरू. मुद्रांक शुल्क मोजताना एकूण भाडं (६६,००० रुपये) आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज (या मुदतीत साधारण १,६५० रुपये) यांची बेरीज करायची आणि त्यावर पाव टक्का काढायचा. उत्तर १७० रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये असते, वर कागद हाताळणीचं थोडं शुल्क. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार आणि बोटाच्या ठशाने ही नोंदणी घरबसल्याही होते. वर्षाकाठी सहासष्ट हजारांच्या व्यवहारात हा खर्च अडवणारा नाही.

'भाडेकरू' की 'परवानाधारक'?

कराराच्या पहिल्याच ओळीत 'लिव्ह अँड लायसन्स' किंवा 'संमती व परवाना' असे शब्द असतील, तर तिथे जरा थांबावं. भाडेपट्ट्यात घराच्या वापराचा हक्क भाडेकरूकडे जातो. परवान्यात फक्त राहण्याची परवानगी मिळते. १९९९ च्या कायद्यातली बरीच संरक्षणं 'भाडेकरू'साठी आहेत, आणि आजचा परवानाधारक कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. त्याच्यासाठी जवळजवळ सगळं काही त्या चार-पाच पानांमध्येच असतं.

त्यातच कलम २४ आहे. परवान्याची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि अशा प्रकरणात लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणूनच सहीच्या वेळचं 'अहो, ते लिहावं लागतं म्हणून लिहिलंय, आपल्यात काय तसं आहे का' हे वाक्य गोड असलं, तरी पुढे कामाला येत नाही. जे ठरलं ते त्या कागदावर नसेल, तर ते ठरलेलं नव्हतं असं समजूनच चालावं.

लॉक-इन : 'उर्वरित' म्हणजे किती?

लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर सोडता येणार नाही, तो काळ. मालकाची बाजूही समजण्यासारखी आहे. त्याने रंग दिलेला असतो, करारावर खर्च केलेला असतो, आणि दोन महिन्यांत माणूस गेला की पुन्हा नवा शोधायचा. गावात ऐन सणात किंवा परीक्षेच्या दिवसांत घर रिकामं झालं, तर ते महिनाभर तसंच पडून राहू शकतं.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. बँकेतला एक कर्मचारी १ जूनपासून मुदखेडमध्ये दोन खोल्या घेतो. भाडं ६,०००, डिपॉझिट १८,०००, मुदत अकरा महिने, लॉक-इन सहा महिने. करारात एक ओळ आहे : 'परवानाधारकाने लॉक-इन कालावधीत जागा सोडल्यास उर्वरित कालावधीचे भाडे देणे त्याचेवर बंधनकारक राहील.' ऑगस्टअखेर बदलीचा आदेश येतो. तो त्याच दिवशी महिन्याची नोटीस देतो आणि ३० सप्टेंबरला चावी परत करतो.

त्याचं देणं किती? तो म्हणेल, लॉक-इनचे दोन महिने उरले होते, म्हणजे १२,०००. मालक म्हणू शकतो की 'उर्वरित कालावधी' म्हणजे कराराचे उरलेले सात महिने, म्हणजे ४२,०००. त्या एका ओळीतून दोन्ही अर्थ निघतात. तीस हजारांचा हा फरक 'लॉक-इनच्या उर्वरित' एवढे शब्द न लिहिल्यामुळे पडला.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्याबद्दल लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत राहून वाजवी भरपाई ठरवतं. त्याच कायद्याचं कलम ७३ सांगतं की नुकसान मोजताना ते टाळायला कोणते उपाय हाताशी होते, हेही पाहायचं. म्हणजे मालकाला १ नोव्हेंबरपासून दुसरा किरायदार मिळाला असेल, तर त्याचं खरं नुकसान ऑक्टोबरच्या ६,००० रुपयांच्या आसपासचं आहे आणि पूर्ण ४२,००० मागणं टिकणं अवघड आहे.

पण हे युक्तिवाद न्यायालयातले आहेत. डिपॉझिट मालकाच्या खिशात आहे आणि हा माणूस नव्या गावी रुजू झालेला आहे. सहा-बारा हजारांसाठी वकील लावून तारखांना कोण येणार? कायदा बाजूने असूनही पैसे जातात ते असे. त्यामुळे हे भांडण सहीच्या आधी, चहा पिता पिता मिटवलेलं बरं.

बदलीच्या नोकरीतल्या माणसासाठी एक वाक्य पुरतं : 'परवानाधारकाची बदली झाल्यास बदली आदेशाची प्रत व एक महिन्याची लेखी नोटीस दिल्यावर लॉक-इनची अट लागू राहणार नाही.' मालक याला तयार नसेल, तर मधला मार्गही आहे. लॉक-इन मोडल्यास जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं कापलं जाईल, असा स्पष्ट आकडा लिहावा. वरच्या उदाहरणात हे वाक्य असतं, तर वाद ६,००० रुपयांवर संपला असता.

लॉक-इनचं कलम दुसऱ्या बाजूनेही वाचावं लागतं. अनेक नमुन्यांत भाडेकरूला सहा महिने बांधलेलं असतं आणि मालकाला मात्र 'एक महिन्याच्या नोटिशीने केव्हाही' जागा रिकामी करून मागता येते. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते. ऑक्टोबरमध्ये घर बदलायला लागलं, तर त्याचं नुकसान भाड्यात मोजता येत नाही. लॉक-इन असेल तर ते दोघांना हवं, आणि भाडं थकवणं किंवा घराचा गैरवापर एवढेच अपवाद लिहिलेले हवेत. नोटीस कशी द्यायची, हेही त्याच कलमात यावं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस चालेल असं दोघांना वाटत असेल, तर दोघांचे नंबर टाकून तसं लिहावं.

डिपॉझिट : रक्कम नव्हे, परतीची तारीख बघा

डिपॉझिटची चर्चा बहुतेक वेळा 'किती' यावर होते. वाद मात्र 'कधी' आणि 'किती कापून' यावर होतात. 'जागा सोडल्यानंतर योग्य त्या वजावटी करून डिपॉझिट परत करण्यात येईल' या वाक्यात तारीखही नाही आणि वजावटी कोणत्या तेही नाही. 'योग्य त्या' म्हणजे मालकाला योग्य वाटतील त्या, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

कापून घ्यायच्या गोष्टी मोजक्याच असायला हव्यात : थकलेलं भाडं, थकलेलं वीजबिल, नळपट्टी भाडेकरूकडे असेल तर तिची बाकी, आणि नेहमीच्या वापरापलीकडचं नुकसान. शेवटच्या गोष्टीवर सगळा वाद असतो. वर्षभरात भिंत मळकी होणं, कूलरच्या ओलाव्याने खिडकीखालचा रंग उडणं, नळाची चकती झिजणं ही नेहमीची झीज आहे. दार फोडणं, फरशी तडकवणं, बेसिन तोडणं हे नुकसान आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतलं त्या स्थितीत परत द्यायचं, पण वाजवी झीज सोडून, असंच म्हटलं आहे. म्हणून 'घर सोडताना रंगरंगोटीचा खर्च परवानाधारकाकडून वसूल करण्यात येईल' ही ओळ दिसली, तर ती खोडायला सांगावी. ते जमत नसेल, तर रक्कम तरी लिहून घ्यावी. आपल्या उदाहरणात रंगासाठी ४,००० आणि लॉक-इनसाठी १२,००० कापले, तर १८,००० मधले हातात उरतात २,०००.

घर ताब्यात घेताना एक व्हिडिओ काढून तो मालकालाही पाठवून ठेवावा. त्यात भिंती, छताचे कोपरे, नळ, पंखे आणि वीज मीटरचं रीडिंग दिसावं. छतावरचा ओलीचा डाग आधीपासून होता की नाही, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत आणि पूर्ण रक्कम करारात लिहावी. 'करारात पाच हजार दाखवू, बाकी हातात द्या' असं ठरलं, तर लेखी पुरावा पाच हजारांचाच राहतो. आधी सांगितलेला 'निर्णायक पुरावा' इथे भाडेकरूच्याच विरोधात जातो.

मग सगळ्यात नाजूक क्षण येतो. मालक म्हणतो, आधी घर रिकामं करा, मग बघू. भाडेकरू म्हणतो, आधी पैसे द्या, मग चावी. पैसे मिळेपर्यंत घरात बसून राहण्याचा सल्ला अनेक जण देतात. परवानाधारकासाठी तो धोक्याचा आहे. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूद कलम २४ मध्येच आहे. ६,००० च्या घरात दोन महिने जास्त राहिलं, तर २४,००० चा दावा उभा राहू शकतो, म्हणजे डिपॉझिटपेक्षाही जास्त. याऐवजी करारात असं लिहावं की चावी परत देतानाच घराची पाहणी होईल आणि त्याच दिवशी डिपॉझिट खात्यात जमा होईल. अंतिम वीजबिलासाठी ठरावीक रक्कम रोखायची असेल, तर ती पंधरा दिवसांत हिशेबासह परत मिळेल. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायची रीत काही ठिकाणी चालते. ती मालकाला मान्य असेल, तर तीही लिहून घ्यावी. न लिहिता भाडं थांबवलं, तर ते थकवलेलं भाडंच ठरतं.

दुरुस्ती : बोअरची मोटार 'किरकोळ' आहे का?

'किरकोळ दुरुस्त्या परवानाधारकाने व मोठ्या दुरुस्त्या मालकाने करावयाच्या.' हे वाक्य ऐकायला न्याय्य आहे आणि उपयोगाला जवळजवळ शून्य. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये बोअरची मोटार जळते. ती पाण्यातून वर काढायची, रिवाइंडिंग करायची, परत सोडायची, तोवर टँकर किंवा जार. खर्च काही हजारांत जातो. ही मोटार किरकोळ की मोठी? मालक म्हणतो, रोज वापरता तुम्ही. भाडेकरू म्हणतो, बोअर तुमचा. पाणीपातळी खाली गेल्यावर कोरडी चालून जळलेल्या मोटारीचा दोष तर ठरवणंही कठीण.

१९९९ च्या कायद्याचं कलम १४ मालकावर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी टाकतं. मालकाने दुर्लक्ष केलं, तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरीही काम झालं नाही, तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षभरात तो वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावा. ६,००० भाडं असेल, तर ही मर्यादा १८,००० रुपये होते.

यात दोन मेख आहेत. पहिली, हे कलम भाडेकरूबद्दल बोलतं, त्यामुळे परवाना करारात राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. दुसरी जास्त टोचणारी आहे : ही जबाबदारी 'विरुद्ध करार नसेल तर' अशी आहे. म्हणजे 'सर्व दुरुस्त्या परवानाधारकाने स्वखर्चाने कराव्यात' या एका ओळीवर सही केली, की भाडेकरूनेही हे संरक्षण स्वतःच्या हाताने सोडलेलं असतं. कायदा किती गावांना लागू आहे, हेही त्याच्या परिशिष्टांवर ठरतं. तालुक्याच्या आजूबाजूच्या खेड्यात घर घेणाऱ्याने तर करारातल्या शब्दांवरच भर द्यावा.

शब्द कुठून आणायचे? आदर्श कायदा राज्याला बांधील नसला, तरी त्याच्या परिशिष्टातली वाटणी उसनी घ्यायला हरकत नाही. तिच्यात भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे आहे. नळाची दुरुस्ती, सांडपाण्याची मोरी साफ करणं, स्विच-सॉकेट, कुलपं-कड्या, खिडकीच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूकडे. गावातल्या घरासाठी त्यात तीन गोष्टी जोडाव्या लागतात : बोअर आणि मोटार, छतावरची टाकी, आणि पावसाळ्यात गळणारा स्लॅब. ही तिन्ही घराचाच भाग आहेत आणि भाडेकरू गेल्यावर मागेच राहतात, तेव्हा ती मालकाकडे असणं रास्त.

सोपा उपाय आकड्याचा आहे. एका वेळची ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची, त्यापुढची मालकाची, असं लिहिलं की 'किरकोळ'चा अर्थ शोधत बसावं लागत नाही. सोबत मुदत हवी : पाणी आणि वीज बंद पडली तर कळवल्यापासून दोन दिवस, स्लॅबची गळती पंधरा दिवस. त्या काळात मालकाने काम केलं नाही, तर भाडेकरूने करावं आणि पावती दाखवून पुढच्या भाड्यातून कापावं. मालक गावात राहत नसेल, हैदराबादला किंवा पुण्याला मुलाकडे असेल, तर ही ओळ त्यालाही सोयीची पडते, कारण मिस्त्री शोधायला त्याला येऊन थांबावं लागत नाही.

हे सगळं जास्तीत जास्त सहा-सात वाक्यांचं काम आहे. टायपिंगवाल्याला नमुन्यात ती घालायला दहा मिनिटं लागतात. ऑनलाइन नोंदणीतही ठरावीक मजकुराबरोबर वेगळ्या अटी लिहिण्यासाठी जागा असते. अंगठा लावण्याआधी मसुदा स्क्रीनवर येतो, तेव्हा रक्कम, तारखा आणि या अटी जशा ठरल्या तशाच आल्या आहेत का, ते तिथेच वाचून घ्यावं. नोंदणी झालेल्या कराराची पूर्ण प्रत भाडेकरूकडेही असायला हवी, फक्त पहिल्या पानाची झेरॉक्स नाही. लॉक-इन आणि दुरुस्तीची कलमं तिसऱ्या-चौथ्या पानावर असतात.